हप्ता आधी ठरवा, कर्ज मागून: मुंबईत पहिलं घर घेताना जास्तीत जास्त किती लोन झेपेल ते काढायची पद्धत

घर बघायला सुरुवात केली की बहुतेक जण आधी फ्लॅट पसंत करतात, मग बँकेत जाऊन विचारतात की आम्हाला किती मिळेल, आणि बँकेने सांगितलेला आकडा आला की तोच आपल्याला परवडणारा आकडा असं धरून चालतात. पण बँकेचा प्रश्न वेगळा असतो, आपले पैसे बुडणार नाहीत ना एवढंच ती बघते, तुमच्या घरात महिनाअखेरीला काय उरतं याच्याशी तिला घेणं नसतं. म्हणून हिशोब उलट्या बाजूने करायचा, म्हणजे पगाराच्या किती टक्क्यांवर हप्ता जाऊ द्यायचा नाही ते आधी ठरवायचं आणि त्या हप्त्यात जास्तीत जास्त किती कर्ज बसतं ते काढायचं. हे गणित घरबसल्या अर्ध्या तासात होतं, फक्त दोनतीन ठिकाणी नवीन माणूस हमखास चुकतो, तिथे आपण नीट थांबूया.

उदाहरण म्हणून भांडुपला भाड्याने राहणारं एक जोडपं धरू. दोघंही नोकरी करतात, तो 34 वर्षांचा, ती 32 ची. त्याचा पगार हातात 72,000 येतो, तिचा 48,000, म्हणजे घरात महिन्याला 1,20,000. त्याच्या स्कूटरचा हप्ता 4,300 चालू आहे, अजून 22 महिने बाकी. फोन हप्त्यावर घेतलाय त्याचे 2,700 जातात, पाच हप्ते राहिलेत. बाजूला साठवलेले 18 लाख आहेत, त्यात थोडी आईवडिलांची मदत धरून. सगळं गणित या दोघांवरच करूया, तुम्ही तुमचे आकडे टाकत चला.

पायरी 1: उत्पन्न म्हणजे नेमकं कुठलं

सीटीसी विसरा. हातात येणारा पगार धरा, म्हणजे पीएफ, टीडीएस आणि प्रोफेशन टॅक्स (महिन्याला 200, फेब्रुवारीत 300) कापून बँक खात्यात जो पडतो तो. बँकेतला माणूस कधी ग्रॉस धरतो कधी नेट, त्याची त्याची पॉलिसी असते, आणि ग्रॉस धरला की कर्जाचा आकडा आपोआप मोठा दिसतो. पण हप्ता खात्यातून जातो आणि खात्यात नेटच येतो, म्हणून आपण नेट.

वर्षातून एकदा मिळणारा बोनस, इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम हे यात धरू नका, ते पुढे पार्ट पेमेंटला, म्हणजे मधेच थोडं मुद्दल एकरकमी फेडायला, कामाला येईल. दिवाळीचा बोनस दर वर्षी मिळतोच की असं वाटतं, पण ज्या वर्षी कंपनीचं बिनसतं त्या वर्षी आधी बोनसच जातो आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो.

पगारातून पतपेढीचं कर्ज कापलं जात असेल तर एक काळजी घ्या. ते कापूनच पगार हातात येतो, म्हणजे उत्पन्न आधीच कमी धरलं गेलंय, मग पुढच्या पायरीत तेच कर्ज चालू हप्त्यांत परत मोजू नका. पण मग हातात येणाऱ्या पगाराच्या टक्केवारीत ते दिसतही नाही, त्यामुळे माझं मत असं की पतपेढीची कपात पगारात परत मिळवायची आणि हप्ता म्हणून वेगळी मोजायची, म्हणजे एकूण किती देणं आहे ते एका जागी दिसतं. कुठलीही पद्धत घ्या, एकाच वेळी दोन नको.

पायरी 2: टक्का ठरवा, आणि तो सगळ्या हप्त्यांचा मिळून

बँकवाले याला एफओआयआर म्हणतात, म्हणजे सगळी ठरलेली देणी भागिले उत्पन्न. बँका साधारण 40 ते 50 टक्क्यांपर्यंत जातात, पगार मोठा असेल तर त्याच्याही वर. मी मुंबईत राहणाऱ्या, घरी मूल असलेल्या किंवा होणार असलेल्या कुटुंबाला 40 च्या वर जाऊ नका असंच सांगतो, कारण शाळेची फी, गावाला पाठवायचे पैसे, आईवडिलांची औषधं यातलं काहीच या टक्क्यात येत नाही, ते सगळं उरलेल्या 60 मधून भागवायचं असतं.

आपल्या जोडप्याचे 40 टक्के म्हणजे 48,000. इथेच पहिली मोठी चूक होते, लोक या 48,000 ला होम लोनचा हप्ता समजतात. पण ही मर्यादा सगळ्या हप्त्यांची मिळून आहे. स्कूटरचे 4,300 आणि फोनचे 2,700 असे 7,000 आधीच जातायत, म्हणजे घरासाठी उरले 41,000. इथून पुढे आपला आकडा हाच.

चालू हप्त्यांमध्ये काय काय धरायचं? वाहन, पर्सनल लोन, सोनेतारण, फोन-फ्रिज-टीव्हीचे हप्ते, आणि क्रेडिट कार्डावर पूर्ण न भरलेली थकबाकी असेल तर तीसुद्धा, बऱ्याच बँका तिच्या 5 टक्के रक्कम मासिक देणं म्हणून धरतात. भिशीचं पण बघा, तुमची भिशी अजून लागली नसेल तर ती बचत आहे, पण लागून गेली असेल आणि अजून भरायचे महिने बाकी असतील तर ते सरळसरळ कर्ज आहे, बँकेला दिसत नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. एलआयसीचा हप्ता मात्र कर्ज नाही, तो घरखर्चात धरा.

पायरी 3: एका लाखाला किती हप्ता पडतो ते काढा

ही सगळ्यात कामाची गोष्ट आणि ती बहुतेकांना कुणी सांगत नाही. व्याजदर आणि मुदत एकदा ठरली की हप्ता कर्जाच्या सरळ प्रमाणात असतो, कर्ज दुप्पट तर हप्ता दुप्पट. म्हणून एक लाखाचा हप्ता कळला की बाकी सगळा साधा भागाकार. त्यासाठी कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये कर्ज 1,00,000 टाका, दर आणि वर्षं टाका, येईल तो आकडा लिहून ठेवा.

8.5 टक्के दर आणि 20 वर्षं धरली तर लाखाला 867.82 रुपये येतात. मी 8.5 हा फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुम्हाला बँकेने आज जो दर लेखी दिलाय तो टाका.

41,000 भागिले 867.82 म्हणजे 47.24. उत्तर लाखांत, म्हणजे 47 लाख 24 हजार.

एक्सेल किंवा गूगल शीट वापरत असाल तर थेट हे टाका:

```
=PMT(8.5%/12, 240, -100000)
=PV(8.5%/12, 240, -41000)
```

पहिल्या ओळीतून लाखाचा हप्ता मिळतो, दुसरीतून थेट जास्तीत जास्त कर्ज. 240 म्हणजे महिने, वर्षं नाही, आणि दराला 12 ने भागायचं विसरलात तर आकडा असा विचित्र येतो की लगेच कळतं. वजाचं चिन्ह काढलंत तर उत्तर वजा येईल, बाकी काही बिघडत नाही.

उत्तर आलं की नेहमी खालच्या पूर्ण आकड्याला आणा, वरच्या नाही. बँक हप्ता पुढच्या रुपयाला नेते आणि आपल्याला मर्यादेच्या आतच राहायचंय. 47 लाख धरले तर हप्ता 40,788, आणि 41,000 च्या आत आहे. बरोबर. असं उलटं तपासून बघायची सवय लावा, कारण कधीकधी बँकेचा दर कर्जाच्या रकमेनुसार बदलतो, मोठ्या रकमेला थोडा जास्त, आणि सिबिल स्कोअरनुसारही बदलतो. तुम्ही एका दराने भागाकार करून जी रक्कम काढली तिला बँक दुसराच दर लावत असेल तर त्या दराने परत एकदा भागायचं.

आता फोनच्या हप्त्याकडे परत बघा. 2,700 भागिले 867.82 म्हणजे 3.11. म्हणजे पाच महिने उरलेल्या, एकूण 13,500 बाकी असलेल्या फोनमुळे कर्जाची मर्यादा 3 लाख 11 हजारांनी कमी झालीय! होम लोनला अर्ज करायच्या आधी असले छोटे हप्ते बंद करून टाका आणि बंद झाल्याचं पत्र म्हणजे एनओसी घेऊन ठेवा, सिबिलमध्ये नोंद उशिरा अपडेट होते तेव्हा ते पत्र दाखवावं लागतं. पण मर्यादा वाढली म्हणून कर्जही तीन लाखांनी वाढवा असं मी म्हणणार नाही. ते 2,700 नव्या घराच्या मेंटेनन्ससाठी सोडा. लिफ्ट, वॉचमन, पार्किंग असलेल्या सोसायटीत मेंटेनन्स दर महिन्याला येणारच आणि तो कुठल्याच ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये नसतो. म्हणून खाली मी 41,000 च धरून पुढे जातोय.

पायरी 4: मुदत वाढवून मर्यादा वाढवायचा मोह

एजंट इथे सांगणार की 20 कशाला, 30 वर्षं घ्या, तेवढ्याच हप्त्यात जास्त कर्ज बसेल. बसतं, ते खोटं बोलत नाहीत. 41,000 च्या हप्त्यात 8.5 टक्क्यांनी 15 वर्षांना 41.63 लाख, 20 ला 47.24, 25 ला 50.91 आणि 30 ला 53.32 लाख बसतात. पण नीट बघा, पहिली पाच वर्षं वाढवल्यावर साडेपाच लाखांच्या वर फायदा झाला, पुढच्या पाचात पावणेचार लाखांच्या आसपास, त्याच्या पुढच्या पाचात जेमतेम अडीच. मुदत कितीही ताणली तरी हा आकडा एका भिंतीला जाऊन अडतो, आणि ती भिंत कुठे आहे ते काढता येतं: 41,000 ला महिन्याच्या दराने भागा, म्हणजे 41,000 भागिले 0.0070833, उत्तर 57.88 लाख. एवढ्या कर्जाचं नुसतं व्याजच महिन्याला 41,000 होतं, मग शंभर वर्षं भरा, मुद्दल एक रुपयाने कमी होणार नाही.

आणि किंमत काय मोजतो? 20 वर्षांत एकूण भरणार 98.4 लाख. 30 वर्षांत 1 कोटी 47.6 लाख. म्हणजे आज 6 लाख जास्त हातात मिळावेत म्हणून शेवटची दहा वर्षं महिन्याला 41,000 असे 49 लाख भरायचे. पगार वाढेल, महागाईत तेव्हाचे 41,000 आजच्याइतके जड वाटणार नाहीत हे खरंय, तरी एवढा सौदा मला पटत नाही. शिवाय 34 वर्षांच्या माणसाचं 30 वर्षांचं कर्ज 64 ला संपतं आणि नोकरदाराला बँक बहुधा निवृत्तीच्या वयापर्यंतच मुदत देते, म्हणजे तरुण जोडीदाराला पुढे करून ती मुदत ताणावी लागते.

ज्यांना महिन्याचा ताण कमी हवाय म्हणून 25 किंवा 30 घ्यायचीत त्यांनी जरूर घ्या, पण कर्जाची रक्कम 20 वर्षांच्या हिशोबाने काढा आणि मग मुदत वाढवा, म्हणजे हप्ता कमी होईल आणि मोकळी जागा खरोखर तुमच्याकडे राहील. मुदत वाढवून रक्कमही वाढवली की मोकळी जागा शून्य.

पायरी 5: दर वाढला तर? हे न करता सही करू नका

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक अडकतात ते इथे. आपल्याकडे बहुतेक होम लोन फ्लोटिंग असतं. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोनं बाहेरच्या बेंचमार्कला जोडावी लागतात, बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर रीसेट होतो. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला. एका वर्षाच्या आत अडीच टक्के. ज्यांनी पावणेसात टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज घेतलं होतं त्यांचा लाखाचा हप्ता साधारण 760 वरून 916 च्या आसपास जायला हवा होता, म्हणजे सरळ 20 टक्के वाढ, आणि पगार काही त्या वर्षी 20 टक्के वाढले नव्हते.

बऱ्याच जणांना हे कळलंच नाही कारण हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. आपल्या जोडप्याचं 47 लाखांचं कर्ज घ्या. सुरुवातीलाच दर 8.5 वरून 9.5 झाला आणि हप्ता 40,788 च ठेवला, तर 240 महिन्यांचे 309 होतात, म्हणजे पाच वर्षं नऊ महिने जास्त. तो 54 व्या वर्षी मोकळा होणार होता, आता साठीला टेकणार.

आणि दर 10.5 झाला तर? 47 लाखांवर महिन्याचं व्याजच 41,125 होतं आणि हप्ता आहे 40,788. हप्ता व्याजालाही पुरत नाही, कर्ज कमी होण्याऐवजी वाढायला लागतं. याला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलंय की मुदत वाढवताना असं होता कामा नये. त्याच परिपत्रकात असंही आहे की दर रीसेट झाल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. पण पर्याय असून उपयोग काय जर हप्ता वाढवायला खिशात जागाच नसेल. 10.5 ला मुदत 20 वर्षंच ठेवली तर हप्ता होतो 46,924, त्यात जुने 7,000 मिळवा, 53,924, म्हणजे पगाराच्या जवळजवळ 45 टक्के. ठरवलेली 40 ची मर्यादा गेली.

म्हणून पद्धत अशी करा: आजच्या दरात 2 टक्के मिळवा आणि त्या वाढीव दराने लाखाचा हप्ता काढून त्याने भागा. 10.5 ला 20 वर्षांचा लाखाचा हप्ता 998.38. 41,000 भागिले 998.38 म्हणजे 41.06 लाख. खाली आणून 41 लाख.

म्हणजे 47 नाही, 41. सहा लाखांचा फरक आहे आणि तो ऐकायला कोणालाच आवडत नाही हे मला माहीत आहे. पण या 41 लाखांचा आजचा हप्ता 35,581 येतो, आणि दर दोन टक्क्यांनी वाढला तरी 40,934, तेव्हाही 41,000 च्या आत. मधले साडेपाच हजाराच्या आसपास दर महिन्याला उरतात ते वेगळ्या खात्यात किंवा आरडीत टाका, जणू काही हप्ता 41,000 चाच आहे. एक तर दर वाढला तर त्या हप्त्याची सवय आधीच झालेली असते, आणि दुसरं म्हणजे दर नाही वाढला तर वर्षाला साठ-पासष्ट हजार साठतात ते पार्ट पेमेंटला टाकता येतात. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग होम लोनवर प्रीपेमेंटचा दंड लावता येत नाही, त्यामुळे यात काही नुकसान नाही.

दर आज खूप खाली आहेत तर 2 टक्के कशाला, असं कुणी म्हणेल. मी उलट म्हणेन की दर खाली असतात तेव्हाच ही पायरी जास्त गरजेची, कारण वर जायला जागा तेव्हाच जास्त असते, 2022 ला नेमकं तेच झालं. दर आधीच चढलेले असतील तर एक टक्का मिळवला तरी चालेल.

आणखी एक तपासणी इथेच उरकून घ्या. तिची नोकरी बाळंतपणात वर्षभर थांबली किंवा दोघांपैकी एकाची गेली तर काय होईल? 35,581 आणि स्कूटरचे 4,300 मिळून 39,881, त्याच्या एकट्याच्या 72,000 च्या 55 टक्के. हे दोनतीन महिने ओढता येईल, वर्षभर नाही. यासाठी 41 चे 35 लाख करायचे का हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं, पण निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय डाउन पेमेंट भरू नका. या जोडप्यासाठी ती साधारण अडीच लाख.

पायरी 6: कर्जाच्या आकड्यावरून घराची किंमत

आता 18 लाखांतून अडीच बाजूला काढले, राहिले साडेपंधरा. कर्ज 41. एकूण 56.5 लाख. पण म्हणून 56.5 लाखांचं घर घेता येत नाही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत मेट्रो सेस धरून 6 टक्के स्टँप ड्युटी लागते, ठाण्यात 7 टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सूट. रजिस्ट्रेशनचे 30,000. रिसेलमध्ये ब्रोकर असेल तर त्याचा निदान 1 टक्का धरा.

म्हणजे अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यूच्या वर साधारण 7 टक्के आणि 30,000. 56.5 मधून 0.3 काढले, 56.2, आणि त्याला 1.07 ने भागलं तर 52.5 लाख. एवढ्या अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यूचं घर.

अजून एक अट तपासायची राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि या किमतीत स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत (घर 10 लाखांच्या आतलं असेल तर गोष्ट वेगळी, मुंबईत तो प्रश्न येत नाही). 52.5 चे 80 टक्के 42 लाख, आपलं 41, बसलं. बसलं नसतं तर हप्ता झेपत असूनही कर्ज कमी मिळालं असतं आणि घर अजून खाली आणावं लागलं असतं. दोन मर्यादांपैकी जी लहान ती खरी, असं धरून चाला. बँकेचा व्हॅल्युअर घराची किंमत अ‍ॅग्रीमेंटपेक्षा कमी काढू शकतो, तेव्हा 80 टक्के त्या कमी किमतीवर मोजले जातात, जुन्या इमारतीत हे बरेचदा होतं, म्हणून टोकन देताना "कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत" असं लिहून घ्या.

52.5 लाखांत भांडुप-मुलुंडला नव्या टॉवरमधलं घर शोधत बसाल तर निराश व्हाल. जुनी इमारत, वन रूम किचन, नाहीतर सेंट्रल लाइनवर पुढे सरकणं, नाहीतर दोन वर्षं थांबून डाउन पेमेंट वाढवणं, हे रस्ते आहेत. ब्रोकर सांगेल अजून पाचच लाख वाढवा साहेब. त्या पाच लाखांचा वाढीव दराने हप्ता जवळजवळ 5,000, ते 48,000 च्या मर्यादेत नाहीत, विषय संपला. डाउन पेमेंटमधून आणलेत तर हरकत नाही, टक्का वाढवून नको.

बांधकाम चालू असलेलं घर घेताना

वरचा सगळा हिशोब घर ताब्यात आल्यावर भाडं बंद होणार हे धरून आहे. अंडर कन्स्ट्रक्शन घरात तसं होत नाही. आपलं जोडपं भाडं 24,000 भरतं असं धरा, पूर्ण हप्ता सुरू झाला तर 35,581 अधिक 7,000 अधिक 24,000, म्हणजे 66,581, पगाराच्या 55 टक्के, आणि ताबा लांबला की हे तितकंच लांबतं. बँकेच्या एफओआयआरमध्ये भाडं बहुधा येत नाही, म्हणून तिथून कुणी सावध करणार नाही. बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे जात असतील तर प्री-ईएमआय म्हणजे दिलेल्या रकमेवरचं फक्त व्याज भरायचा पर्याय असतो, त्याने ताण कमी होतो पण मुद्दल एक पैशाने फिटत नाही, पूर्ण हप्ता नंतर सुरू होतो. शिवाय ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का (मुंबईत कार्पेट 60 चौरस मीटर आणि किंमत 45 लाखांच्या आत). आपल्या 52.5 लाखांच्या घराला 5 टक्केच लागणार, म्हणजे अडीच लाखांच्या वर, ते स्टँप ड्युटीबरोबर आधी काढून ठेवायचे.

अशा घरासाठी भाडं हा एक चालू हप्ताच समजून पायरी 2 मध्ये मिळवा आणि मग बघा किती उरतं. बऱ्याचदा इतकं कमी उरतं की रेडी घरच बरं वाटायला लागतं.

सँक्शन लेटर हातात आल्यावर

तीन गोष्टी बघा. एक, मंजूर रक्कम तुम्ही मागितलेलीच आहे का. कधी बँक 41 च्या जागी 50 मंजूर करते, मंजूर झालंय म्हणून सगळं उचलायची सक्ती नाही, 41 च उचला. दोन, कर्जात विमा घुसवलाय का. होम लोन इन्शुरन्सचा एकरकमी हप्ता दीड लाखाचा असेल आणि तो कर्जातच मिळवला तर तुमचा हप्ता 1,302 ने वाढतो आणि त्या दीड लाखावर 20 वर्षं व्याज जातं. हा विमा सक्तीचा नाही, हवा असेल तर साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या. तीन, दराच्या जागी रेपो अधिक स्प्रेड असं स्पष्ट लिहिलंय का, स्प्रेड म्हणजे रेपोच्या वर बँक लावते तो टक्का किती आणि रीसेटची तारीख कुठली. सुरुवातीचे काही महिने सवलतीचा दर आणि नंतर वेगळा असं असेल तर वरचं गणित नंतरच्या दराने परत करायचं, आणि आकडा 41,000 च्या पुढे गेला तर सही करायच्या आधी रक्कम कमी करून नवीन सँक्शन लेटर मागायचं.